±१०० मिलिव्होल्टसाठी काय बरं: इनपुटला डिव्हायडर की एमिटरला रेझिस्टर?

डिफरन्शिअल पेअरच्या दोन कलेक्टर करंटमधला फरक `I·tanh(Vid/2VT)` या वळणाने जातो; `Vid` म्हणजे दोन बेसमधला व्होल्टेजचा फरक, `I` म्हणजे टेल करंट, आणि थर्मल व्होल्टेज `VT` खोलीच्या तापमानाला जेमतेम २६ मिलिव्होल्ट. त्यामुळे १०-१५ मिलिव्होल्टपर्यंत रेघ बऱ्यापैकी सरळ दिसते, आणि १०० ला जवळजवळ सगळा टेल करंट एकाच ट्रान्झिस्टरमधून वाहतो. माझा सिग्नल नेमका ±१०० चा होता, टेल करंट १ मिलिअँपिअर.

आधी मी डिव्हायडर लावला, पाचास एक. सोपा उपाय, पेअरला हात लावावा लागत नाही. बेसवर २० मिलिव्होल्ट येतात आणि टोकाला वक्र सरळ रेषेपासून साडेचार टक्के ढळतो. तेवढं मी चालवून घेतलं असतं.

नडलं ते नाशिकचं हवामान. अंबडच्या शेडमध्ये जानेवारीत सकाळी दहा अंशांत गेन लावला. एप्रिलच्या दुपारी पारा चाळीसवर, आणि तोच गेन जवळपास दहा टक्क्यांनी उतरलेला. टेल करंट तपासला, तो जागच्या जागी होता. दोन दिवस पॉट फिरवण्यात गेले, मग लक्षात आलं: डिव्हायडर सिग्नल लहान करतो, पण वक्राचा उतार `VT` वरच ठरतो, आणि `VT` तापमानाबरोबर वाढतो. वक्र होता तसाच राहतो, आपण फक्त त्याच्या मधल्या भागात वावरतो.

मग डिव्हायडर काढून प्रत्येक एमिटरला २२० ओहम घातले. आता

```
Vid = VT·ln(I1/I2) + RE·(I1 − I2)
```

गेन जवळपास तितकाच उतरला, सव्वापाच पट. पण दुसरं पद तापमान जाणत नाही आणि सरळही आहे. ±१०० ला ढळणं एक टक्क्यावर आलं, आणि त्याच तीस अंशांच्या फरकात गेन दोनेक टक्केच हलला. स्कोपवर एक्स-वाय मोडमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोडीजवळ सोल्डरिंग आयर्न नेऊन पाहा: आधी मधला उतार डोळ्यांदेखत मंदावायचा, आता रेघ बहुतेक जागेवर राहते. शिवाय डिव्हायडर पेअरचा ऑफसेट आणि नॉइज इनपुटच्या हिशोबात पाचपट करतो, तेही टळलं.

रेझिस्टरची किंमतही आहे. प्रत्येकावर स्थिर ११० मिलिव्होल्ट पडतात, म्हणून एक टक्क्याचा बेमेळ म्हणजे एक मिलिव्होल्टच्या वर नवा ऑफसेट. मी मीटरने निवडून जोड्या लावल्या. टेल करंट दोन अर्ध्या सोर्समध्ये वाटून एमिटरांमध्ये एकच ४४० ओहम ठेवला तर तो स्थिर ड्रॉप जातो, पण मग त्या दोन सोर्समधला फरक थेट ऑफसेट म्हणून दिसतो.

सिग्नल कित्येक व्होल्टचा असेल तर बहुधा डिव्हायडरच सोयीचा, कारण एवढा ड्रॉप एमिटरला सहसा परवडत नाही. शे-दोनशे मिलिव्होल्टचं काम असेल, आणि शेडला एसी नसेल, तर मला वाटतं आधी एमिटरकडे पाहावं.