सोसायटीच्या मेंटेनन्स ॲपची नोटीस खरी होती, तिच्या मागून आलेली फाइल खोटी होती

आमच्या सोसायटीत मेंटेनन्स भरायला नवीन ॲप सुरू झालं आणि त्याच आठवड्यात त्या नोटिशीचा आधार घेऊन माझ्या आईच्या खात्यातून ८७,४९९ रुपये काढले गेले. ॲप खरंय, नोटीसही खरी, आमच्या सेक्रेटरी काकांनीच लावलेली, म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. खोट्या नोटिशीपासून सांभाळा असं सगळेच सांगतात पण खऱ्या नोटिशीच्या मागून कोणी आलं तर संशय यायला जागाच राहत नाही.

नोटीस लिफ्टजवळच्या बोर्डावर लागली, लेटरहेड, शिक्का, सही सगळं रीतसर. पुढच्या महिन्यापासून चेक आणि रोख घेतली जाणार नाही, सर्व सभासदांनी १५ तारखेच्या आत ॲपवर रजिस्ट्रेशन करावं, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवण्यात येईल, थकबाकीवर उपविधीप्रमाणे वार्षिक २१ टक्के व्याज लागेल. एवढंच. ॲपचं नाव काय, लिंक कोणत्या नंबरवरून येणार, रजिस्ट्रेशनला काय काय माहिती द्यायची, यातलं काहीच नव्हतं. मग कोणीतरी नोटिशीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये सभासदांशिवाय घर सोडून गेलेले भाडेकरू, एजंट, टँकरवाला असे कोण कोण आहेत, ग्रुपची इनव्हाइट लिंक कितीतरी जणांनी पुढे पाठवलेली. आणि त्याच ग्रुपवर आधी डिफॉल्टर लिस्टची पीडीएफ पडलेली होती, त्यात विंग, फ्लॅट नंबर, नाव आणि किती रुपये बाकी ते सगळं.

आईला दुपारी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. डीपीला सेक्रेटरी काकांचा फोटो, नावाच्या जागी सोसायटीचं नाव, नंबर मात्र वेगळा. मेसेजमध्ये तोच नोटिशीचा फोटो आणि खाली ‘तुमचे १४,२५० रुपये बाकी दिसत आहेत, रजिस्ट्रेशन केल्याशिवाय ॲडजस्ट होणार नाहीत, आज शेवटची तारीख’. आईने चेक देऊन झालेला होता, तो जमा दाखवला नाही म्हणून तिचं नाव लिस्टमध्ये राहिलेलं, त्यामुळे आकडा बरोब्बर जुळला. तिच्या जागी कोणालाही हेच वाटलं असतं की सोसायटीच्या ऑफिसमधूनच आलाय. लगेच फोन आला, बोलणारा म्हणाला मी ॲप कंपनीकडून सोसायटीतर्फे बोलतोय, मॅडम तुमचा फोन अँड्रॉइड आहे ना? हा प्रश्न लक्षात ठेवा. खरं ॲप आयफोनवरही चालतं, तिथे हे विचारायचं कारणच नाही, पण पाठवलेली फाइल फक्त अँड्रॉइडवर चालते.

फाइलचं नाव होतं `Society_Maintenance.apk`. प्ले स्टोअरमधलं ॲप कोणी फाइल म्हणून पाठवत नाही, त्याची लिंक येते आणि ती उघडली की स्टोअरचं पान दिसतं, इन्स्टॉलचं बटण तिथे असतं. इथे व्हॉट्सॲपमध्ये डॉक्युमेंट म्हणून फाइल आली, दाबल्यावर फोनने आधी विचारलं की या ठिकाणाहून ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का, मग प्ले प्रोटेक्टची सूचना आली की हे ॲप धोकादायक असू शकतं. फोनवरचा माणूस म्हणाला नवीन ॲप आहे म्हणून दाखवतं, तरीही इन्स्टॉल करा दाबा. फोनने दोनदा अडवलं होतं आणि दोन्ही वेळा तोच माणूस पुढे काय दाबायचं ते सांगत होता.

पुढचं पान खऱ्यासारखंच, सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली, ती दिली गेली. त्यानंतर ‘खातं ॲक्टिव्हेट करण्यासाठी १० रुपये’ आणि डेबिट कार्डाचा नंबर, एक्स्पायरी, सीव्हीव्ही. ओटीपी आईने कोणालाही सांगितला नाही, हे मला इथे ठळकपणे सांगायचंय, कारण नंतर जो तो तेच विचारतो. सांगायची गरजच पडली नाही. एसएमएस वाचायची परवानगी मिळालेलं ॲप आलेला मेसेज परस्पर दुसरीकडे पाठवतं, म्हणजे कार्डाची माहिती फॉर्ममधून गेली आणि ओटीपी मागच्या दाराने. स्क्रीनवर ‘व्हेरिफिकेशन चालू आहे, २४ तास ॲप काढू नका’ एवढं दिसत राहिलं आणि थोड्या वेळाने ॲपचा आयकॉनच गायब झाला.

बँकेचे ईमेल माझ्याकडे येतात म्हणून कळलं. मी ऑफिसात होते, लागोपाठ दोन मेल, ४९,९९९ आणि ३७,५००, दोन्ही ऑनलाइन खरेदी. आईला फोन केला तर ती म्हणाली सोसायटीचं रजिस्ट्रेशन चालूय. तिला आधी फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफायही बंद करायला सांगितलं, म्हणजे मेसेज बाहेर जाणं थांबतं, आणि बाकी सगळं मी माझ्या फोनवरून केलं. बँकेच्या कस्टमर केअरला कार्ड ब्लॉक, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद, तक्रार नंबर लिहून घेतला. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. तिथे खातेदाराचं नाव, बँक, खाते नंबर, प्रत्येक व्यवहाराचा ट्रान्झॅक्शन आयडी, रक्कम, वेळ विचारतात, ते मेलमध्ये होतंच म्हणून पटापट सांगता आलं. त्यानंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण केली, स्क्रीनशॉट जोडले. इथे घाई करून चॅट डिलीट करू नका, आधी त्या नंबरचे, मेसेजचे, फाइलच्या नावाचे स्क्रीनशॉट घ्या, मग फोन साफ करा.

३७,५०० वाला व्यवहार वाटेत होल्ड झाला, ४९,९९९ पुढे सरकून गेले होते. होल्ड झालेले पैसेही आपोआप खात्यात येत नाहीत, सायबर पोलिसांनी सांगितलं की त्यासाठी कोर्टाची ऑर्डर लागेल, ते अजून चालू आहे. बँकेशी बोलताना रिझर्व्ह बँकेचा नियम उपयोगी पडतो, तो ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आला. त्यात असं आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणून फोन करून नुसतं सांगणं पुरेसं नाही, तक्रारीचा नंबर आणि वेळ हातात पाहिजे.

आईचा फोन शेवटी फॅक्टरी रीसेट केला. आयकॉन दिसत नसला तरी सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत ते होतं, पण नुसतं काढून माझा विश्वास बसेना. कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असू शकतं म्हणून `##002#` डायल करून तेही बंद केलं आणि व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये अनोळखी काही नाही ना ते पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तीच फाइल आली होती, त्यांनी उघडली नव्हती हे नशीब.

मग मी सेक्रेटरी काकांकडे गेले. भांडायला नाही, आईचं रजिस्ट्रेशन अजून व्हायचंच होतं. काका हादरले होते, त्यांचा फोटो वापरला गेला हे त्यांना फार लागलं. त्यांनी खरं ॲप समोर बसून करून दाखवलं आणि तेव्हा फरक नीट कळला. खरं ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं, सोसायटीच्या रेकॉर्डला जो मोबाइल नंबर आहे तोच टाकला, त्यावर लॉगिनचा ओटीपी आला, तो आईने स्वतः टाइप केला, एसएमएसची परवानगी मागितलीच नाही. मग सोसायटी, विंग, फ्लॅट निवडला, मालक की भाडेकरू ते निवडलं आणि रिक्वेस्ट कमिटीकडे गेली. काकांनी त्यांच्या ॲडमिन लॉगिनमधून मंजूर केल्यावरच आईला बिल दिसलं. या सगळ्यात कुठे एक रुपयाही भरायचा नव्हता, कार्ड नंबर नव्हता, पिन नव्हता. पैसे फक्त बिलावर पे दाबल्यावर, आणि आम्ही भरताना समोर सोसायटीचं नोंदणीकृत नाव दिसलं, कुठल्या माणसाचं नाही. दुसऱ्या कोणाचं नाव दिसलं तर तिथेच थांबायचं.

जुनी नोटीस काढून काकांनी नवी लावली, मजकूर आम्ही दोघांनी बसून केला. त्यात ॲपचं नाव आणि प्ले स्टोअरवर त्याखाली दिसणारं कंपनीचं नाव दोन्ही छापलं. ‘कोणतीही लिंक किंवा फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली जाणार नाही, स्टोअरमध्ये नाव शोधून ॲप घ्यावे. रजिस्ट्रेशन मोफत आहे. सोसायटी किंवा ॲप कंपनीकडून यासाठी कोणालाही फोन येणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी ऑफिसात फोन घेऊन यावे, कमिटी मेंबर समोर बसून करून देतील. मुदत एक महिना वाढवली आहे, या काळात चेक स्वीकारले जातील.’ ही शेवटची ओळ मी आग्रहाने घालायला लावली, कारण आजच करा नाहीतर व्याज लागेल या धाकावरच तो माणूस घराघरात फोन करत होता, आणि वयस्कर लोकांना व्याजापेक्षाही बोर्डावर नाव लागण्याची लाज जास्त वाटते.

ग्रुपची इनव्हाइट लिंक रीसेट केली, सभासद नसलेल्यांना काढलं, आणि थकबाकी आता ज्याची त्याला बिलातच दिसते. पण ती जुनी पीडीएफ ज्यांच्या फोनमध्ये उतरली आहे तिथून परत घेता येत नाही. तुमच्या सोसायटीत ॲप यायचं असेल तर सेक्रेटरींना आधी ग्रुपवरच्या अशा याद्या डिलीट करायला सांगा आणि मगच नोटीस लावू द्या.