मिक्सरच्या वर्णनातून तपशील-तक्ता: हाताने भरावा की नियम लिहून काढावा?

ऑनलाइन बाजारपेठेवर घरगुती उपकरणे विकणाऱ्या दुकानाकडे उत्पादनाची माहिती बहुधा एका परिच्छेदाच्या रूपात येते. ग्राहकाला मात्र शक्ती, क्षमता आणि वॉरंटी अशा ओळींचा तक्ता हवा असतो, कारण दोन मिक्सर शेजारी ठेवून पाहायचे असतील तर परिच्छेदांचा उपयोग होत नाही. परिच्छेदावरून तक्ता करण्याच्या दोन पद्धती लहान दुकानाला परवडतात. एकीत माणूस वर्णन वाचून ओळी भरतो, तर दुसरीत मजकुरातील ठरावीक घडण ओळखणारे नियम लिहून आकडे आपोआप उचलले जातात. मी दोन्ही पद्धतींनी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून दोन्हींची तुलना एकाच वर्णनावर करून दाखवतो. नमुन्याचे वर्णन असे आहे:

«१००० वॅटच्या मिक्सरलाही मागे टाकणारी ७५० वॅटची दमदार तांब्याची मोटर! १८,००० आरपीएमपर्यंत वेग, तीन टप्पे आणि पल्सची सोय. सोबत स्टेनलेस स्टीलची भांडी: १.५ लिटर, १ लिटर आणि ४०० मिली. न तुटणारी झाकणे. मोटरवर ५ वर्षे आणि उत्पादनावर २ वर्षे वॉरंटी. ज्यूसरचे भांडे यासोबत मिळत नाही.»

पद्धत कोणतीही निवडली, तरी कोणत्या ओळी हव्यात हे वर्णन वाचण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. वर्णनात जे सापडेल त्याची ओळ करत गेलो, तर एका मिक्सरला «वेग» अशी ओळ येते, दुसऱ्याला «आरपीएम» आणि तिसऱ्याला «मोटरचा वेग», आणि मग तीन तक्ते एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. मिक्सरसाठी दहा-बारा ओळी पुरतात. प्रत्येक ओळीचे एकक आधीच नक्की करावे. शक्ती वॅटमध्येच आणि क्षमता लिटरमध्येच लिहायची असे ठरले, म्हणजे ४०० मिलीचे ०.४ लिटर करण्याचे काम प्रत्येकाच्या मर्जीवर राहत नाही.

हाताने भरण्याचे बळ अर्थाच्या बाबतीत दिसते. वाचणाऱ्याला १००० वॅट हा दुसऱ्या कुठल्या मिक्सरचा आकडा आहे हे लगेच कळते, आणि ज्यूसरचे भांडे मिळत नाही हेही कळते. वेगाच्या आकड्यामागचे «पर्यंत» त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि ते सुटता कामा नये, कारण तो आकडा कमाल वेगाचा असून भांड्यात वाटण भरल्यावर मोटर त्याहून हळू फिरते. म्हणून ओळीचे नाव «वेग» न ठेवता «कमाल वेग» ठेवावे लागते. असे निर्णय माणूस वाचतावाचता घेतो.

मात्र हाताच्या पद्धतीतला खरा धोका माहीतगार माणसाकडूनच येतो. भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो हे त्याला ठाऊक असते, म्हणून वर्णनात नसतानाही तो ती ओळ भरून टाकतो. «तांब्याची मोटर» वाचून तो «वायंडिंग: शंभर टक्के तांबे» असे लिहितो. «न तुटणारी झाकणे» म्हणजे पॉलीकार्बोनेटच असणार, असेही तो धरून चालतो. यातले काही खरे निघेलही, परंतु विक्रेत्याने तसे म्हटलेले नाही, आणि ग्राहकाने तक्त्यावर विसंबून तक्रार केली तर उत्तर देण्याची जबाबदारी तक्ता लिहिणाऱ्यावर येते. दुसरी चूक थकव्याची असते. आधीच्या मिक्सरचा तक्ता पुढच्यासाठी नकलून त्यात बदल करण्याची सवय सर्वांनाच असते, आणि त्यात बदलायची राहून गेलेली वॉरंटीची ओळ तशीच प्रसिद्ध होते. आमच्या यादीत अशी एक ओळ दिवाळीच्या हंगामात अकरा मिक्सरांवर सापडली होती, आणि ती शोधण्यासाठी प्रत्येक तक्ता पुन्हा मूळ वर्णनाशी ताडून पाहावा लागला.

नियमांची पद्धत याच्या नेमकी उलट वागते. नियम स्वतःच्या ज्ञानाची भर घालत नाही आणि थकतही नाही, पण अर्थ त्याला कळत नाही. वरच्या वर्णनात «वॅट» या शब्दाआधीचा पहिला आकडा उचला असा नियम लिहिला, तर शक्तीच्या ओळीत १००० येते. भांड्यांच्या क्षमतेत तर याहून वाईट घडते:

```python
import re
text = "भांडी: १.५ लिटर, १ लिटर आणि ४०० मिली"
re.findall(r"(\d+)\s*लिटर", text)
# ['५', '१']
re.findall(r"(\d+(?:[.,]\d+)*)\s*(लिटर|मिली)", text)
# [('१.५', 'लिटर'), ('१', 'लिटर'), ('४००', 'मिली')]
```

पहिल्या नियमाने दीड लिटरचे भांडे पाच लिटरचे केले, कारण दशांशचिन्हाच्या अलीकडचा आकडा त्याने सोडून दिला. हाच नियम «लिटर»च्या जागी «आरपीएम» घालून «१८,००० आरपीएम»वर चालवला, तर स्वल्पविरामानंतरची तीन शून्ये तेवढी हाती लागतात आणि मोटरचा वेग शून्य होतो. दुसऱ्या नियमात बिंदू आणि स्वल्पविराम दोन्ही सामावून घेतले आहेत, त्यामुळे दोन्ही चुका टळतात. आकड्याचे संख्येत रूपांतर करण्याआधी स्वल्पविराम काढून टाकण्याची पायरी तेवढी उरते.

मराठी वर्णनांसाठी नियम लिहिणाऱ्याने आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, कारण इंग्रजी वर्णनांवर नीट चाललेले नियम इथे गुपचूप अपयशी ठरतात. पहिली गोष्ट आकड्यांची. पायथॉनमधील `\d` हे देवनागरी अंकही ओळखते, परंतु जावास्क्रिप्टमध्ये आणि गूगल शीट्सच्या `REGEXEXTRACT` या सूत्रात `\d` म्हणजे फक्त इंग्रजी अंक, म्हणून तिथे `[0-9०-९]` असे स्पष्ट लिहावे लागते. दुसरी गोष्ट सामान्यरूपाची. «तांबे» हा शब्द शोधणाऱ्या नियमाला «तांब्याची मोटर» सापडत नाही आणि «भांडे» शोधणाऱ्याला «भांड्यांची क्षमता» सापडत नाही. म्हणून शब्दाऐवजी त्याचा न बदलणारा भाग, म्हणजे «तांब» किंवा «भांड», शोधावा. शब्द पकडण्यासाठी पायथॉनचे `\w+` वापरू नये, कारण ते मात्रेपाशी थांबते आणि «वॅट»चे «व» आणि «ट» असे दोन तुकडे करते. तिसरी गोष्ट नकाराची. मराठीत «नाही» वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे «ज्यूसरचे भांडे» एवढे सापडताच «होय» लिहिणारा नियम नेमका उलटा अर्थ देतो. निदान समावेशाच्या ओळींसाठी तरी नियमाने पूर्णविरामापर्यंत वाक्य वाचावे.

इतके दोष असूनही नियमांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, आणि माझ्या मते निवड करताना तोच सर्वांत जास्त तोलावा. नियमाची चूक सगळीकडे सारखीच होते. दीड लिटरचे पाच लिटर झाले असतील, तर ते तशा प्रत्येक मिक्सरवर झालेले असते. क्षमतेचा स्तंभ चढत्या क्रमाने लावला की पाच लिटरची भांडी तळाशी एकत्र दिसतात, नियम एकदा सुधारला की सगळे तक्ते एकाच वेळी दुरुस्त होतात. हाताने झालेल्या चुका विखुरलेल्या असतात, दिसायला अगदी शक्य वाटणाऱ्या असतात, आणि स्तंभ क्रमाने लावूनही डोळ्यांत भरत नाहीत. दोन वर्षांऐवजी पाच वर्षांची वॉरंटी लिहिली गेली, तर त्या आकड्याकडे बघून कोणालाही संशय येत नाही.

दोन्ही पद्धतींत मी तक्त्याला एक तिसरा स्तंभ ठेवतो. त्यात मूल्य ज्या शब्दांवरून घेतले, ते वर्णनातले शब्द जसेच्या तसे येतात. हा स्तंभ ग्राहकाला दाखवायचा नसतो, तो तपासणाऱ्यासाठी असतो. वरच्या वर्णनाचा तक्ता असा होतो:

| गुणधर्म | मूल्य | वर्णनातील शब्द |
|---|---|---|
| शक्ती | ७५० वॅट | ७५० वॅटची … मोटर |
| कमाल वेग | १८,००० आरपीएम | १८,००० आरपीएमपर्यंत |
| वेगाचे टप्पे | ३ आणि पल्स | तीन टप्पे आणि पल्सची सोय |
| भांड्यांचे साहित्य | स्टेनलेस स्टील | स्टेनलेस स्टीलची भांडी |
| मोठे भांडे | १.५ लिटर | १.५ लिटर |
| मधले भांडे | १ लिटर | १ लिटर |
| लहान भांडे | ०.४ लिटर | ४०० मिली |
| ज्यूसरचे भांडे | नाही | यासोबत मिळत नाही |
| वॉरंटी (मोटर) | ५ वर्षे | मोटरवर ५ वर्षे |
| वॉरंटी (उत्पादन) | २ वर्षे | उत्पादनावर २ वर्षे |
| मोटरचे वायंडिंग | दिलेले नाही | – |
| झाकणाचे साहित्य | दिलेले नाही | – |
| व्होल्टेज | दिलेले नाही | – |

या तक्त्यात वॉरंटीच्या दोन ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. «वॉरंटी: ५ वर्षे» एवढेच लिहिले, तर झाकण किंवा कपलर तिसऱ्या वर्षी निकामी झाल्यावर ग्राहक बदलून मागेल आणि ते त्याला मिळणार नाही. सर्वांत लहान भांड्याला बाजारात चटणीचे भांडे म्हणतात, पण वर्णनात तसे म्हटलेले नसल्यामुळे ओळीचे नाव आकारावरूनच ठेवले. शेवटच्या तीन ओळींतले «दिलेले नाही» हे मूल्यच आहे. ती माहिती विक्रेत्याकडून मागवायची आहे, असे ते तपासणाऱ्याला सांगते. उत्पादकाचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात मालाचा मूळ देश या गोष्टी वैधमापनाच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवाव्या लागतात. त्या वर्णनाच्या परिच्छेदातून काढण्याच्या फंदात पडू नये, खोक्यावरील लेबल पाहूनच भराव्यात.

निवडीचा निकष संख्येइतकाच वर्णनांच्या सारखेपणावर अवलंबून असतो. एका मिक्सरचा तक्ता हाताने नीट भरायला आणि ताडून पाहायला मला दहा मिनिटांच्या आसपास लागतात, तर बारा ओळींचे नियम लिहून ते पारखण्यात दोन-तीन दिवस जातात. पन्नास-साठ वस्तूंसाठी नियम लिहिणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. दोन-तीन कंपन्यांची एकाच साच्यातली चारशे वर्णने असतील, तर नियम लिहावेत. तीच चारशे वर्णने वेगवेगळ्या विक्रेत्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली असतील, कोणी «वॅट», कोणी «वॉट», तर कोणी नुसते «W» लिहीत असेल, तर नियमांची यादी वाढतच राहते. अशा वेळी मी आकड्यांच्या ओळी नियमांवर सोपवतो आणि साहित्य, समावेश व वॉरंटी या ओळी हाताने भरतो, कारण आकडा चुकला तर स्तंभ क्रमाने लावून सापडतो, पण नकार चुकला तर तो वाक्य वाचल्याशिवाय सापडत नाही.

प्रसिद्ध करण्यापूर्वी वीस तक्ते कोणत्याही क्रमाने उचलून तिसऱ्या स्तंभातील शब्द मूळ वर्णनात शोधावेत. शब्द तिथे नसतील, तर हाताच्या पद्धतीत कोणीतरी अंदाजाने ओळ भरली आहे. शब्द तिथे आहेत पण दुसऱ्याच वस्तूबद्दल आहेत, जसे १००० वॅटच्या बाबतीत झाले, तर नियमात दुरुस्ती हवी, आणि त्या नियमाने भरलेला संपूर्ण स्तंभ नव्याने काढून घ्यावा.