सर्व्हरची वाट बघायची की प्रेडिक्शन करायचं?

एक मित्र टॉप-डाऊन शूटर बनवतोय आणि अडकलाय, की बटण दाबल्यावर सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत प्लेयर हलवायचाच नाही, की प्रेडिक्शन करायचं, म्हणजे लगेच हलवून नंतर सर्व्हरशी जुळवून घ्यायचं.

हाताला जाणवणारा फरक मोठा आहे. पिंग १०० मिलिसेकंद असेल तर वाट बघण्यात प्रत्येक पाऊल तेवढं उशिरा पडतं. १९९६ च्या क्वेकमध्ये मोडेमवर हाच त्रास होता, म्हणून त्याच वर्षी त्याच्या इंटरनेटसाठीच्या आवृत्तीत, क्वेकवर्ल्डमध्ये, प्रेडिक्शन आलं.

मेहनत मात्र प्रेडिक्शनला जास्त, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. समजा प्रत्येक इनपुट ५ युनिट हलवतो, तुम्ही ४६ वा इनपुट पाठवून x = 230 वर आहात आणि सर्व्हर म्हणतो, "४० पर्यंत झाले, x = 200". आता थेट 200 वर ठेवलंत तर प्लेयर सारखा मागे खेचला जातो. त्याऐवजी पाठवलेले इनपुट साठवून ठेवा, त्यातले ४० पर्यंतचे टाकून द्या, 200 पासून ४१ ते ४६ परत चालवा, बरोबर 230 येतं आणि स्क्रीनवर काहीच हलत नाही. मोकळ्या मैदानातही झटके दिसले तर बहुधा दोन्हीकडचा मूव्हमेंट कोड किंवा टाइमस्टेप वेगळा आहे.

चीटिंगमध्ये दोन्ही सारखेच, कारण क्लायंट फक्त इनपुट पाठवतो, जागा सर्व्हरच ठरवतो.

पत्ते, बुद्धिबळ किंवा घरच्या लॅनवरचा गेम असेल तर वाट बघणं पुरे. इंटरनेटवर पळापळ असेल तर प्रेडिक्शनच घे, पण ते फक्त स्वतःच्या प्लेयरला, बाकीच्यांसाठी इंटरपोलेशन, म्हणजे सर्व्हरकडून आलेल्या दोन जागांमध्ये त्यांना सलग सरकवणं, लागेलच.