लेकीचं मोलस्कम, लेकाची चामखीळ: कशाला हात लावायचा?

एप्रिलमध्ये दोन्ही मुलांना नेरुळला स्विमिंगच्या बॅचला घातलं आणि महिनाभरात दोघांनाही ‘चामखीळ’ झाली, असं घरात सगळे म्हणू लागले. प्रत्यक्षात ते दोन वेगळे विषाणू होते, म्हणून निर्णयही वेगळे घ्यावे लागले.

सहा वर्षांच्या लेकीच्या काखेजवळ मोत्यासारखे गुळगुळीत, चकचकीत दाणे होते आणि मोठ्या दाण्यांच्या मधोमध बारीक खळगा. हे मोलस्कम. नऊ वर्षांच्या लेकाच्या टाचेवर खरखरीत गोल डाग होता. आजी त्याला कुरूप म्हणत होती. पण नीट पाहिलं तर कातडीच्या रेषा तिथे येऊन तुटत होत्या, आत काळे ठिपके होते आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की तो कळवळायचा. ही खरी चामखीळ.

मोलस्कम बहुतेक मुलांत सहा ते अठरा महिन्यांत आपोआप जातं, कधी त्याहून जास्त वेळ घेतं. डॉक्टर भूल देणारं क्रीम लावून दाणे खरवडून काढू शकतात, पण मूल घाबरतं, डाग राहू शकतो आणि नवे दाणे येतच राहतात. म्हणून लेकीचे आम्ही तसेच ठेवले, फक्त नखं कापली, कारण खाजवलं की ते पसरतात. दाणे डोळ्याजवळ असते किंवा तिला एक्झिमा असता, तर आधी डॉक्टरांकडे गेलो असतो. जायच्या आधी दाणा लाल होऊन सुजतो, ते बहुधा बरं होण्याचं लक्षण असतं. लाली भोवती पसरत गेली, दुखू लागलं किंवा ताप आला, तर मात्र दाखवायलाच हवं.

चामखीळही पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत जाते. पण लेक लंगडत होता, म्हणून डॉक्टरांना विचारून सतरा टक्के सॅलिसिलिक ॲसिड सुरू केलं. रोज रात्री पाय कोमट पाण्यात बुडवायचा, वरची पांढरी कातडी फाइलने घासायची, भोवती व्हॅसलिन लावायचं आणि थेंब नेमका मध्ये टाकायचा. हे साधारण बारा आठवडे करावं लागतं. लोक पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात, तिथेच फसतं. हे औषध चेहऱ्यावर लावायचं नाही. चुना तर कुठेच नको, कातडी भाजते.

कोचने दोघांनाही घरी बसवायला सांगितलं होतं. त्याची गरज नव्हती. मोलस्कम कातडीला कातडी घासून किंवा एकमेकांचे टॉवेल, किकबोर्ड वापरून पसरतं. काखेत पट्टी टिकेना, म्हणून लेकीला पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आणि स्वतःचा किकबोर्ड दिला. चामखीळ ओल्या फरशीवरून, पाण्याने मऊ पडलेल्या तळव्याला लागते. लेकाला वॉटरप्रूफ पट्टी लावली आणि पाण्यात उतरेपर्यंत पायात स्लिपर. घरात दोघांचे टॉवेल वेगळे केले.

दहाव्या आठवड्यात टाचेवरचे काळे ठिपके गेले. तरी औषध थांबवलं नाही. कातडीच्या रेषा त्या जागेवरून सलग जाताना दिसल्या, तेव्हाच बाटली बंद केली.