विमानतळावर ५०० डॉलर वटवायचे की शहरात? हातात पडणाऱ्या रुपयांचा हिशेब

भारतात उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच चलन बदलून देणारा काउंटर दिसतो. तिथल्या फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन दर असतात. हे दर काउंटरच्या बाजूने लिहिलेले असतात, आणि घोळ इथेच होतो. ‘वी बाय’ म्हणजे काउंटर तुमचे डॉलर ज्या दराने घेणार तो दर, ‘वी सेल’ म्हणजे तो ज्या दराने डॉलर विकणार तो. डॉलर देऊन रुपये घेणाऱ्याला पहिला, म्हणजे कमी असलेला दर लागू होतो. थकून आलेला माणूस मोठा आकडा वाचतो आणि पावती हातात आल्यावर चमकतो.

हिशेबासाठी बाजारातला संदर्भ दर ८५ रुपये धरू. विमानतळावर खरेदी दर ७९, विक्री दर ९१ आहे. शहरातला परवानाधारक मनी चेंजर ८३.९० ला डॉलर घेतो. (दर रोज बदलतात, हे आकडे फक्त उदाहरणासाठी.) विमानतळावरचा काउंटर शिवाय प्रत्येक व्यवहारामागे २५० रुपये सेवाशुल्क घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २९५.

चलन बदलण्याच्या व्यवहारावरही जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नसतो. रुपयांतली रक्कम एक लाखापर्यंत असेल, तर प्रचलित पद्धतीत तिचा १ टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर लावतात. म्हणजे कर किमान ४५ आणि लाखाला १८० रुपये. पावतीवर ‘जीएसटी’ म्हणून हजार-दोन हजार दिसले, तर तिथेच थांबून विचारावे.

| | विमानतळ | शहर |
|---|---|---|
| ५०० डॉलरचे रुपये | ३९,५०० | ४१,९५० |
| सेवाशुल्क, करासह | २९५ | ० |
| व्यवहारावरचा जीएसटी | ७१ | ७६ |
| हातात | ३९,१३४ | ४१,८७४ |
| प्रत्यक्ष दर | ७८.२७ | ८३.७५ |

फरक २,७४० रुपयांचा. त्यात शुल्काचा वाटा लहान आहे; खरा घाव दरातला आहे. म्हणून ‘कमिशन नाही’ अशी पाटी पाहून निर्धास्त होऊ नये, कारण कमिशन दरातच मुरवलेले असू शकते. दोन दरांतली दरी किती खोल आहे हे उलटा व्यवहार करून कळते: १०० डॉलरचे ७,९०० रुपये घेतले आणि तेच रुपये त्याच काउंटरवर ९१ ने परत दिले, तर ८६.८ डॉलर मिळतात. शुल्क न धरताही तेरा टक्के गेले.

मग टॅक्सीपुरते थोडेच बदलावे का? बहुधा हो, पण ठरावीक शुल्क छोट्या रकमेला जास्त बोचते. ५० डॉलरचे ३,९५० रुपये होतात. २९५ शुल्क आणि ४५ कर वजा जाता ३,६१० उरतात, म्हणजे डॉलरला ७२.२० च. दर वाईट दिसतो, तरी उरलेले ४५० डॉलर शहरात दिल्यास ३७,६८७ मिळतात आणि एकूण ४१,२९७ होतात. सगळे विमानतळावर देण्यापेक्षा २,१६३ रुपये जास्त.

परदेशी कार्ड असणाऱ्याने आधी एटीएम पाहावे. तिथे बँकेचे शुल्क बहुधा प्रत्येक वेळेला लागते, म्हणून एकदाच पुरेशी रक्कम काढावी. रक्कम तुमच्या देशाच्या चलनात दाखवून ‘स्वीकारा’ असे यंत्राने विचारले तर नाकारावे. व्यवहार रुपयांतच ठेवावा आणि बदल कार्डाच्या बँकेकडूनच होऊ द्यावा.

परतलेल्या भारतीय रहिवाशाला तर घाईचे कारणच नाही. २,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा जवळ ठेवता येतात आणि त्याहून जास्त असलेल्या बँकेला किंवा परवानाधारक मनी चेंजरला द्यायला १८० दिवस असतात. घरी जाऊन दोन-तीन ठिकाणी दर विचारून वटवाव्यात. फक्त सोबत ५,००० डॉलरहून जास्त नोटा असतील, तर त्या उतरतानाच कस्टमकडे जाहीर कराव्या लागतात.

काउंटरवर जावेच लागले, तर नोटा हातातून सोडण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘इतके डॉलर दिले तर सगळे कापून हातात किती रुपये?’ त्या आकड्याला डॉलरच्या संख्येने भागावे आणि फोनवरच्या बाजारदराशी ताडावे. फाटक्या, लिहिलेल्या किंवा जुन्या छापाच्या नोटांना काही काउंटर दर पाडतात किंवा त्या घेतच नाहीत, नाणी तर बहुधा नाहीच. तेही आधीच विचारावे. परदेशी पाहुण्याने चलन बदलल्याचे प्रमाणपत्र मागून जपून ठेवावे. जाताना उरलेले रुपये पुन्हा डॉलरमध्ये करून घ्यायला तेच दाखवावे लागते.