प्रवाहाची नल स्पेस: झाडावरून काढावी की एसव्हीडीने?

दिशादर्शक जाळ्याच्या इन्सिडन्स मॅट्रिक्स A मध्ये प्रत्येक बिंदूची एक ओळ आणि प्रत्येक बाणाचा एक स्तंभ असतो: निघतो तिथे −1, पोहोचतो तिथे +1. x हा बाणांवरचा प्रवाह धरला तर Ax = 0 म्हणजे प्रत्येक बिंदूत जेवढं येतं तेवढंच जातं. अशा सगळ्या x चा संच म्हणजे नल स्पेस. प्रश्न इतकाच की हे x शोधायचे कसे.

चार बिंदू घ्या. बाण a: 1→2, b: 2→3, c: 1→3, d: 3→4, e: 2→4. जाळं सलग आहे, म्हणून रँक 4−1 = 3 आणि नल स्पेसची मिती 5−3 = 2.

a, b, d हे झाड धरा: सगळे बिंदू जोडलेले, पण वर्तुळ एकही नाही. उरलेला c जोडला की एकच वर्तुळ बंद होतं: (−1, −1, 1, 0, 0). e जोडला की (0, −1, 0, −1, 1). कष्ट नगण्य, आकडे नेमके. उणे म्हणजे बाणाच्या उलट प्रवाह, त्यामुळे उत्तर चित्रावर बोट ठेवून तपासता येतं.

`scipy.linalg.null_space(A)` एसव्हीडी, म्हणजे मॅट्रिक्सचं सिंग्युलर व्हॅल्यू विघटन, वापरतं. मिळणारे सदिश परस्पर लंब असतात. झाडाचे नसतात, वरच्या दोघांचा अदिश गुणाकार 1 येतो. पण एसव्हीडीत सहसा अपूर्णांक येतात, वर्तुळं एकमेकांत मिसळतात आणि मोठ्या जाळ्यात मॅट्रिक्समध्ये बहुतेक शून्यंच असण्याचा फायदाच जातो.

बाण एकेरी असतील तर मात्र दोन्ही अपुरे. x ≥ 0 ही अट घातली की इथे फक्त शून्य प्रवाह उरतो, कारण बाणांच्या दिशेने एकही वर्तुळ नाही.

मोठं जाळं असेल किंवा वर्तुळांचा अर्थ हवा असेल तर झाड घ्या. छोट्या जाळ्यात मोजलेल्या प्रवाहाचं लंब प्रक्षेपण हवं असेल तर एसव्हीडी.