वास्तुशांतीचे जेवण : माणसे 52, ताटे 74

गेल्या वर्षी पुण्यात आम्ही नव्या सदनिकेची वास्तुशांत केली आणि जेवणाचे काम एका केटररला ताटाच्या दराने दिले. त्यात जी फसवणूक झाली तिची पद्धत इतकी सराईत होती की ती आमच्यापुरती नसावी, म्हणून रकमा आणि मापे यांसह येथे लिहीत आहे. केटररचे नाव देत नाही, कारण नावापेक्षा त्याची रीत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

ठरले ते असे. 55 ताटे, ताटाला 320 रुपये, म्हणजे एकूण 17,600 रुपये, आणि त्यांपैकी 8,000 आगाऊ. पानात वरण-भात, मसालेभात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, मठ्ठा, कुरडई, चटणी आणि लिंबू. पुऱ्या गच्चीवर गरम तळून द्यायच्या, बाकीचे तिथेच शिजवायचे आणि वाढपी त्याचेच. ‘जेवण भरपूर होईल, साहेब, कुणी उपाशी जाणार नाही’ असे त्याने दोनदा सांगितले, परंतु एकाही पदार्थाचे वजन सांगितले नाही आणि त्याच्या छापील कोटेशनवरही नव्हते.

सकाळी साडेसातला गुरुजी आले. गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध यांत दहा वाजले. त्यानंतर वास्तुमंडलाची पूजा आणि ग्रहांचा होम. पूर्णाहुती सव्वाबाराच्या सुमारास होईल, असे गुरुजींनी आधीच सांगितले असल्यामुळे पाहुण्यांना पाऊणची वेळ दिली होती. केटररने साडेआठला येतो म्हणून सांगितले आणि तो साडेदहाला आला. हा उशीर निव्वळ हलगर्जीपणा नव्हता, असे आता वाटते. आठ-साडेआठला सामान उतरले असते, तर घरातल्या कुणीतरी पिशव्या उचलून पाहिल्या असत्या. साडेदहापर्यंत घर पाहुण्यांनी भरले होते आणि जो तो चहा-पाण्याच्या गडबडीत होता.

खरी चलाखी पूर्णाहुतीच्या वेळी झाली. यजमान पती-पत्नी सकाळपासून उपाशी, होमासमोर बसलेली, आणि मध्येच उठण्याची सोय नाही. नेमक्या त्याच वेळी केटरर माझ्या धाकट्या भावाकडे गेला आणि म्हणाला, ‘दादा, उरलेले 9,600 आत्ता टाका, तळणारी माणसं खोळंबली आहेत, पैसे आल्याशिवाय कढई चढणार नाही.’ व्यवहार जेवणानंतर चुकता करायचा असे ठरले होते. पण खाली पाहुणे जमलेले असताना वाद कोण घालणार? भावाने फोनवरून पैसे पाठवले. त्या क्षणापासून जेवण कमी पडले तरी केटररचे काही अडणार नव्हते.

गच्चीवर एका पंगतीला 20 माणसे बसतील एवढीच टेबले होती. पहिली पंगत भरली, दुसरीही भरली. तिसरीत गुरुजी, आम्ही घरचे आणि उशिरा आलेले मिळून 12 जण होतो. म्हणजे एकूण 52, आणि पंगतीच्या हिशेबात चूक होण्यास फारसा वाव नसतो. दुसरी पंगत उठताना श्रीखंड संपले आणि पुऱ्याही संपल्या; मसालेभात मात्र अर्धे पातेले शिल्लक होता. पाने वाढताना मसालेभात लगेच आणि सढळ येत होता, तर पुऱ्या उशिरा, दोन-दोन करून येत होत्या, हे माझ्या वहिनीने पहिल्याच पंगतीत हेरले होते. स्वस्त पदार्थाने पोट भरवून महाग पदार्थ वाचवायचा हा प्रकार पुढे अनुभवी लोकांकडून कळला. तिसऱ्या पंगतीसाठी भाचा जवळच्या डेअरीतून श्रीखंड आणि हॉटेलातून पुऱ्या घेऊन आला.

आवराआवर चालू असताना केटररने आणखी 6,080 रुपये मागितले. त्याचे म्हणणे, ‘ताटं 74 लागली, तुमची माणसं वाढली, म्हणून जेवण कमी पडलं.’ त्याने 80 ताटांची चळत आणली होती आणि सहा कोरी उरली होती, हाच त्याचा पुरावा. वापरलेल्या ताटांत नैवेद्याची पाने होती, लिंबे-चटणीसाठी घेतलेली ताटे होती, त्याच्या स्वतःच्या माणसांची जेवणे होती आणि खाली पडलेली म्हणून बदललेलीही होती. ताट मोजणे आणि माणूस मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्याचा सगळा धंदा या फरकावर उभा होता.

मग आम्ही मागे पडलेल्या वस्तू पाहिल्या. श्रीखंडाचे दोन-दोन किलोंचे दोन रिकामे डबे होते, म्हणजे 40 माणसांना 4 किलो, माणशी 100 ग्रॅम. पक्वान्न एकच असेल आणि आग्रह होणार असेल, तर माणशी 125 ते 150 ग्रॅम धरावे लागते. 50 माणसांना साडेसहा-सात किलो. कणकेची रिकामी पिशवी एकूण 3 किलोंची होती. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या साधारण 60 पुऱ्या होतात, म्हणजे 180 पुऱ्या, माणशी साडेचार, त्याही 40 जणांनाच. 50 जणांना माणशी सहा धरल्या तर 300 पुऱ्या, म्हणजे 5 किलो कणीक हवी होती. तात्पर्य, पाहुणे वाढल्यामुळे नव्हे, तर सामानच 40 माणसांचे आणल्यामुळे जेवण संपले. डब्यांचे आणि पिशवीचे फोटो आम्ही तिथेच काढले आणि वाढीव रक्कम देण्यास नकार दिला.

पुढे माझ्या आतेबहिणीकडे वास्तुशांत झाली तेव्हा तिने नव्या केटररकडून मापांसह लिहून घेतले. 50 माणसांसाठी तिचा आकडा असा होता : श्रीखंड 7 किलो, पुऱ्यांची कणीक 5 किलो, मसालेभाताचे तांदूळ अडीच किलो आणि साध्या भाताचे 2 किलो, तूरडाळ सव्वा किलो, बटाटे 6 किलो, कोरडी मटकी 2 किलो, काकडी 3 किलो आणि मठ्ठा 10 लिटर. खाणारे तरुण जास्त असतील तर पुरी वाढवावी लागते, ज्येष्ठ जास्त असतील तर वरण-भात. त्यामुळे हे आकडे थोडे मागे-पुढे होतील. खाली आणखी चार ओळी होत्या : सामान साडेआठला पोहोचेल आणि घरचे एक माणूस ते मोजून घेईल, मोजणी बसलेल्या माणसांची होईल, ताटांची नाही, नैवेद्य आणि केटररची माणसे मोजणीत धरली जाणार नाहीत, उरलेले पैसे शेवटची पंगत उठल्यावर मिळतील. पहिल्या ज्या केटररला तिने हा कागद दाखवला त्याने ‘आम्ही असं लिहून देत नाही’ म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने दर ताटामागे 30 रुपयांनी वाढवला, पण सही केली.

बिलाकडेही पाहावे. अन्नव्यवसायाच्या बिलावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक असणे बंधनकारक आहे. आमच्या कागदावर तो नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली, सोबत कोटेशन, दोन्ही रकमांच्या पावत्या आणि फोटो जोडले. त्यानंतर केटररने 6,080 ची मागणी सोडून दिली आणि बाहेरून आणलेल्या श्रीखंड-पुरीचे पैसे परत केले. कमी आणलेल्या सामानाच्या भरपाईबद्दल मात्र तो अद्याप बोलत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्यामुळे तिथे तक्रारीचे शुल्क लागत नाही.